तीस दिवसांपुरती हिस्टरी

ऑफिसात तिला सगळे फाइलताई म्हणत. नाव कुणी पाडलं ते आता आठवत नव्हतं, पण ते तिला चपखल बसलं होतं. नऊ माणसांचं ऑफिस, काम माहितीपुस्तिका लिहायचं. दवाखान्यातली यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या यंत्र बनवत आणि ते कसं वापरायचं हे साध्या भाषेत हे लोक लिहून देत. लिहिणारे लिहीत, चित्रं काढणारे चित्रं काढत, आणि ते सगळं एका ऑनलाइन खात्यात ठेवलेलं असे. त्या खात्याची मालकीण म्हणजे फाइलताई. कुणाला कुठली फाइल उघडू द्यायची, कोण सोडून गेलं की कुणाचा प्रवेश बंद करायचा, सगळं तिच्या हातात. "तुझी फाइल हरवली का? जा फाइलताईंकडे," हे वाक्य दिवसातून दोनदा तरी कानावर यायचंच.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास साहेब केबिनच्या बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावरच्या आठ्या दारातूनच दिसत होत्या.

"वाफेच्या यंत्राची पुस्तिका कुणी पास केली होती?"

वाफेचं यंत्र म्हणजे शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र. कापडात गुंडाळलेले हत्यारांचे संच आत ठेवायचे, एकशे एकवीस अंश तापमानाची वाफ सोडायची, आणि त्या तापमानावर तीस मिनिटं धरून ठेवायचं. मग वाफ सोडून संच वाळवायचे. छापून गेलेल्या पुस्तिकेत त्या तीस मिनिटांच्या जागी वीस मिनिटं आली होती. एका दवाखान्यातल्या नर्सबाईंनी भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून पाहिलं म्हणून ते लक्षात आलं. तोवर कुणी पुस्तिकेप्रमाणे यंत्र चालवलं नव्हतं, एवढं नशीब. पण कंपनीने सगळ्या पुस्तिका परत मागवल्या होत्या आणि तिचा तपासनीस सोमवारी येणार होता.

"त्याला नुसता कागद नकोय," साहेब म्हणाले. "स्क्रीनवर बघायचंय. कुणी, कधी, काय बदललं. खात्यातच."

"तपासायला सिस्टरकडे गेली होती ना ती?" चित्रकाराने मान वर न करता विचारलं.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेल्या. आता घरी बसून पुस्तिका वाचून द्यायच्या आणि यंत्रापेक्षा कडक नजरेने चुका काढायच्या. पण गेल्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"सिस्टर, एकशे एकवीसला वीस मिनिटं आलीयत छापून."

पलीकडून सिस्टरचा आवाज, नेहमीपेक्षा खाली गेलेला. "वीस? नाही हो... तीस वाचल्याचं मला आठवतंय. पण छापून वीस आलंय म्हणता तर माझंच चुकलं असेल. डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत."

साहेबांनी फोन ठेवला आणि मोठा श्वास सोडला. त्यात राग कमी आणि सुटका जास्त होती. "बरं. कारण तरी सापडलं. यापुढे त्यांच्याकडे काही पाठवू नका. फाइलताई, तपासनिसासाठी ती हिस्टरी तेवढी काढून ठेवा."

फाइलताईने पुस्तिकेची फाइल उघडली. खात्यात प्रत्येक फाइलची व्हर्जन हिस्टरी असते: कुणी काही बदललं की आधीची आवृत्ती बाजूला ठेवली जाते, सोबत बदलणाऱ्याचं नाव आणि वेळ. ऑफिसचा प्लॅन सगळ्यात खालचा, स्वस्तातला होता. त्यात बाजूला ठेवलेली आवृत्ती तीस दिवस टिकते, मग आपोआप जाते. पुसलेल्या फाइलींचंही तेच. हे तिला तोंडपाठ होतं, कारण हाच प्लॅन पुरेसा आहे असं साहेबांना दोन वर्षांपूर्वी तिनेच सांगितलं होतं. "कोण बघतंय महिन्यापूर्वीचं?" हे शब्दसुद्धा तिचेच.

ती यादीच्या तळाशी गेली.

सगळ्यात जुनी आवृत्ती, महिन्यापूर्वीच्या मंगळवारची, लेखकाच्या नावावर. तीत तीस मिनिटं होती. तिच्यावर बुधवारची, दुपारी चार वाजून बारा मिनिटांची. तीत वीस. आणि त्यानंतर संध्याकाळी पाच चाळीसची, सिस्टरची, तीत फक्त सातव्या प्रकरणातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका सुधारलेल्या.

चार बाराच्या आवृत्तीपुढे नाव होतं तिचं स्वतःचं.

आणि मग, हळूहळू नाही, एकदम, तिला तो बुधवार आठवला. कंपनीतून फोन आला होता: नवीन मॉडेलमध्ये वाळवायची वेळ तीसऐवजी वीस मिनिटं करा. लेखक रजेवर. निर्जंतुक करायच्या वेळेचं चौथं प्रकरण सिस्टरनी आधीच्याच आठवड्यात वाचून दिलं होतं. मग फाइलताईनेच फाइल उघडली, "३० मिनिटे" शोधून "२० मिनिटे" करायला संगणकाला सांगितलं, आणि सगळीकडे बदला असं दाबलं. स्क्रीनवर उत्तर आलं होतं: सात ठिकाणी बदल झाला. केवढं झटपट झालं म्हणून तिला बरंही वाटलं होतं. सातपैकी सहा जागा वाळवण्याच्या होत्या. सातवी नव्हती, ती वाफ धरून ठेवायची होती.

तिने इकडे तिकडे पाहिलं. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं.

मंगळवारच्या आवृत्तीपुढे राखाडी अक्षरांत लिहिलं होतं: एक दिवस चार तास उरले. बुधवारच्या चार बाराच्या आवृत्तीपुढे: एक दिवस पाच तास. एखाद्या आवृत्तीवर दुसरी चढली की तिथून तीस दिवसांचं घड्याळ सुरू होतं. म्हणजे उद्या, शुक्रवारी, चार बाराला तीस मिनिटांची आवृत्ती जाणार, आणि पाच चाळीसला तिच्या नावाची. त्यानंतर यादीच्या तळाशी उरणार सिस्टरचं नाव आणि वीस मिनिटं. सोमवारी तपासनीस बघेल तर त्याला तेवढंच दिसेल. कुणी काही पुसलेलं नसेल. कुणी कशाला हातही लावलेला नसेल.

तिने पान बंद केलं. मग उघडलं. मग पाणी प्यायला गेली आणि पाणी न पिताच परत आली.

साहेबांनी जाता जाता विचारलं, "मिळालं?"

"बघतेय," ती म्हणाली. आणि मग, कशी कोण जाणे, खरीच माहिती तिच्या तोंडून बाहेर पडली. "उद्यापर्यंतच दिसेल हे. आपला प्लॅन तीस दिवसांचा. वरचा घेतला तर एकशे ऐंशी दिवस ठेवतात, त्याच्या वरचा एक वर्ष."

"सिस्टरनी कबूलच केलंय की. तरी तुम्हाला गरज वाटली तर घ्या. तुमचं तुम्ही ठरवा," असं म्हणून ते केबिनमध्ये गेले. तिला ते दार लागायला नको होतं.

घरी नवरा भाजी निवडत बसला होता. बस दुरुस्त करणारा माणूस. बोलणं थोडं, पण नेमकं. तिने सगळं सांगितलं. तो देठ मोडत ऐकत राहिला.

"तू खोटं बोललीस का कुणाशी?"

"नाही."

"काही पुसलंस?"

"नाही रे."

"मग झालं तर. तू काही करू नकोस. तीस दिवस झाले, गेलं. नियम तुझा आहे का? खातं देणाऱ्या कंपनीचा आहे." मग जरा थांबून म्हणाला, "नोकरी गेली तर पोरीच्या शाळेचं काय, एवढं बघ."

त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि त्यामुळेच तिला जास्त त्रास झाला. जेवताना मुलीने दोनदा हाक मारली तरी तिचं लक्ष नव्हतं. "आई हरवलीय," मुलगी बाबाला म्हणाली. दोघं हसली. तीही हसली, पण जरा उशिरा.

शुक्रवारी सकाळी तिने खात्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला, आणि दुसऱ्याच कुणाची चौकशी करावी तशा सुरात बोलू लागली.

"समजा, एखाद्याने आज वरचा प्लॅन घेतला. तर तीस दिवसांच्या आधीचं परत येतं का?"

"नाही, मॅडम," पलीकडचा माणूस म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता पण तो सांगत नीट होता. "जे गेलं ते गेलं. प्लॅन बदलायच्या क्षणी ज्या आवृत्त्या शिल्लक असतील, त्यांनाच नवी मुदत लागते. एकशे ऐंशी दिवस."

"आणि पुढच्या महिन्यात परत खाली आलं तर?"

"तर परत तीसच. तीसच्या पलीकडचं जाईल."

"आणि फाइलची कॉपी काढून ठेवली तर?"

"कॉपीत मजकूर राहतो, मॅडम. हिस्टरी कॉपीबरोबर येत नाही. कॉपीची हिस्टरी कॉपी काढल्यापासून सुरू होते, तुमच्या नावाने."

तिने आभार मानले. काहीतरी पळवाट सापडेल अशी तिची आशा होती, पण पळवाट कुठल्या बाजूची शोधतोय हे तिलाच कळत नव्हतं. मंगळवारची आवृत्ती कुठेतरी ठेवायची होती तिला, आणि बुधवारची कुठेच नको होती. असा प्लॅन कुणी विकत नव्हतं.

साडेअकराला राखाडी अक्षरांत "चार तास" असं आलं. एका फाइलचं नाव तिने तीनदा चुकीचं टाइप केलं. शेवटी, सिस्टरकडे एका दुसऱ्या पुस्तिकेचे कागद राहिले होते ते आणायला जाते असं सांगून ती जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडली. तिथे जाऊन काय करायचं हे तिने ठरवलं नव्हतं. ऑफिसात बसवत नव्हतं एवढंच.

सिस्टरचं घर तिसऱ्या मजल्यावर. टेबलावर भिंगाचा दिवा, पेन्सिली टोक करून ओळीत ठेवलेल्या, कागदांचे गठ्ठे काटकोनात. त्यांनी कागद आधीच पाकिटात भरून ठेवले होते. वर एक चिठ्ठी होती.

"साहेबांना दे. माफीची आहे."

"सिस्टर, अहो कशाला..."

"बस गं, उभी का?" त्या स्वतः मात्र बसल्या नाहीत. खिडकीची कडी लावली, उघडली, परत लावली. "खरं सांगू का? चुकीचं मला तेवढं वाईट नाही वाटत. चुका झाल्या आयुष्यात. पण मला अजून डोळ्यांसमोर दिसतंय, तिथे तीस होतं. अगदी पानाच्या कोणत्या कोपऱ्यात तेही दिसतंय. आणि ते नव्हतंच म्हणे. मग जे दिसतंय ते काय? रात्रभर तेच. मुलगा म्हणतोय, आता एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये. इतकी वर्षं त्याला उडवून लावलं. आज सकाळी म्हटलं, बघू."

फाइलताई खुर्चीत बसून पाकिटाचा कोपरा दुमडत राहिली.

"माझ्याच डोक्यावर माझा भरवसा राहिला नाही, पोरी," सिस्टर म्हणाल्या. "ते सगळ्यात वाईट."

तीन वाजायला दहा मिनिटं होती. फाइलताईने पाकीट उचललं, चिठ्ठी टेबलावरच ठेवली आणि "येते" एवढंच म्हणून जिना उतरू लागली. मागून सिस्टर "अगं, चिठ्ठी!" म्हणून हाक मारत होत्या. ती थांबली नाही. बोलली असती तर तिथेच रडली असती, आणि रडण्यात वेळ गेला असता.

रस्त्यावर खोदकाम चालू होतं. रिक्षा एका जागी उभी राहिली ती राहिलीच. उतरून ती चालत सुटली, मग चालण्याचं पळणं कधी झालं ते कळलं नाही. ऑफिसात पोचली तेव्हा तीन छप्पन झाले होते. खुर्चीवर न बसताच तिने खातं उघडलं. तीन प्लॅन समोर आले: तीस दिवस, एकशे ऐंशी दिवस, तीनशे पासष्ट दिवस. मधल्यावर बोट ठेवलं. पैसे भरायचं कार्ड साहेबांचं, आधीपासून नोंदवलेलं. तिने हो म्हटलं, आणि स्क्रीनवर चौकोन आला: कार्डधारकाच्या फोनवर पाठवलेला कोड टाका.

इथे घोडं अडलं. कोड साहेबांच्या फोनवर, आणि साहेब केबिनमध्ये कागदाच्या व्यापाऱ्याबरोबर.

तिने दार न ठोठावता उघडलं. चार वाजून दोन मिनिटं.

"साहेब, तुमच्या फोनवर एक कोड आलाय. तो हवाय."

"हो, आत्ताच आला. कशाचा आहे?"

"वरच्या प्लॅनचा. एकशे ऐंशी दिवसांचा. लगेच द्या, चार बाराला जाणार आहे ते."

"अहो, सिस्टरचं ठरलंय ना? परत कशाला खर्च? सोमवारी बोलू."

व्यापारी एकदा साहेबांकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. बाहेर घेऊन जाऊन सांगावं असं तिच्या मनात आलं. पण बाहेर नेण्यात, प्रस्तावना करण्यात, शब्द जुळवण्यात ती दहाही मिनिटं संपली असती. स्वतःला ती आता ओळखू लागली होती.

"सिस्टरनी नाही केलं ते," ती म्हणाली. "मी केलं. वाळवण्याची वेळ बदलताना सगळीकडे बदला असं दाबलं. त्यात निर्जंतुक करायची वेळही बदलली. सिस्टरनी वाचलं तेव्हा तिथे तीसच होतं. त्या हिस्टरीत माझं नाव आहे, आणि ते काल सकाळपासून मला माहीत आहे."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नव्हे, ओळखीचा माणूस अनोळखी दिसावा तसं. मग फोन उचलून सहा आकडे एकेक करून वाचले. तिने ते हाताच्या तळव्यावर लिहून घेतले, कारण डोक्यात राहतील याची खात्री नव्हती.

चार सातला प्लॅन बदलला. फाइल उघडली तर मंगळवारच्या आवृत्तीपुढची राखाडी अक्षरं अजून "पाच मिनिटे" असंच दाखवत होती. पान बंद करून परत उघडलं. आता लिहिलं होतं: एकशे पन्नास दिवस उरले. आधीचे तीस वजा करून. तिच्या वर बुधवारची आवृत्ती, फाइलताईचं नाव, चार वाजून बारा मिनिटं. तेही एकशे पन्नास दिवस.

चार बारा झाले. चार तेरा झाले. यादी होती तशीच होती. तेव्हा कुठे ती खुर्चीवर बसली.

त्याच संध्याकाळी ती पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेली. या वेळी सिस्टर बसल्या आणि ही उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे तिथे तीस होतं."

"हो. मंगळवारपर्यंत होतं. मी स्वतः बघितलं."

सिस्टरनी डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. पण डोळे उघडले तेव्हा ते कोरडे आणि धारदार होते. "काल साहेबांनी फोन केला, तेव्हा तू तिथे होतीस?"

"होते. तेव्हा माहीत नव्हतं. पण तासाभराने कळलं."

"आणि आज दुपारी इथे आलीस तेव्हा?"

"माहीत होतं."

"मी इथे माझं डोकं ठिकाणावर नाही म्हणून सांगतेय, आणि तू खुर्चीत बसून ऐकतेयस." त्या उठल्या आणि दार उघडून धरलं. "जा आता. मी काही वाईट बोलण्याआधी जा."

ती गेली.

सोमवारी तपासनीस आला. त्याने हिस्टरी बघितली, दोन आवृत्त्या शेजारी शेजारी लावून बघितल्या, वहीत लिहिलं, आणि विचारलं की पास झालेली पुस्तिका कुणाच्याही हातून परत कशी काय बदलू शकते. साहेबांनी तिला काढलं नाही. पण पास झालेली फाइल उघडून बदलायचा तिचा हक्क काढला. यापुढे बदल करायचा तर दुसऱ्या कुणीतरी शेजारी बसून प्रत्येक जागा बघायची, असा नियम झाला. पुस्तिका नव्याने छापायचा भुर्दंड ऑफिसवर बसला, आणि त्या वर्षीची तिची पगारवाढ गेली. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी चुकीचं सांगितलं नव्हतं." ती म्हणाली, "नाही. पण मला झेपलं नसतं ते."

साहेबांनी स्वतः जाऊन सिस्टरची माफी मागितली आणि काम परत देऊ केलं. त्यांनी विचार करून कळवते म्हणून सांगितलं. पाच आठवडे काही कळवलं नाही. मुलाकडे मात्र त्या गेल्या नाहीत, एवढं फाइलताईच्या कानावर आलं.

सहाव्या आठवड्यात फोन आला, थेट तिच्या टेबलावर.

"काम घेईन," सिस्टर म्हणाल्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "एका अटीवर. ती हिस्टरी का काय आहे, ती मला माझ्या घरून बघता आली पाहिजे. मी वाचून दिल्यावर कोण काय करतं ते मला दिसलं पाहिजे."

"देते. तुमच्या नावाने उघडून देते. आजच."

"ती बघायची कशी, ते मला येत नाही."

"मी येऊन दाखवू का?"

फाइलताई कानाला फोन लावून उभी राहिली.

"उद्या चारला ये," सिस्टर म्हणाल्या. "आणि वेळेवर ये."